आभार मानले म्हणजे हिशोब मिटला, असं नाही

*वाचकाचं पत्र*

"डोंबिवलीत 72 फ्लॅटच्या सोसायटीत मी 19 वर्षं राहते. यंदा पहिल्यांदाच कमिटीच्या निवडणुकीला उभी राहिले. 11 जणांच्या कमिटीत आमच्या बाजूचे 7 आले, जुन्या कमिटीतले 4 पुन्हा निवडून आले आणि अध्यक्षपद माझ्याकडे आलं. निवडणूक फार कडवट झाली. लिफ्टच्या कामाच्या बिलांवरून ग्रुपवर नको नको ते बोललं गेलं. तो मुद्दा ऑडिटमध्येही आला आहे. आता कोजागिरीला सगळे गच्चीवर जमणार आहेत आणि तिथे मी आभाराचं भाषण करायचं आहे. सहकारी म्हणतात, जुन्या कमिटीचे आभार मानलेस तर त्यांना क्लीन चिट दिल्यासारखं होईल. त्यांनी मला भाषण लिहूनही दिलंय. त्यात 'भ्रष्टाचारमुक्त कारभार' आहे, वर्षभर मेंटेनन्स न वाढवण्याचा शब्द आहे, पार्किंगचं नवं वाटप आहे. मावळते अध्यक्ष काका माझ्या समोरच्याच दारात राहतात. माझ्या सासऱ्यांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलला त्यांनीच नेलं होतं. मी काय बोलू?"

— एक नव्या अध्यक्ष

ताई,

लिहून मिळालेलं ते भाषण बाजूला ठेवा. ते मतं मागायचं भाषण आहे आणि तुमची मतं मोजून झाली आहेत. कोजागिरीच्या रात्री तुमच्यापुढे जे बसतील, त्यांच्याकडून तुम्हाला आता मतं नकोत. पुढची पाच वर्षं त्यांनी सभेला यावं, वेळेवर मेंटेनन्स भरावा आणि गळतीची तक्रार ग्रुपवर टाकण्याआधी ऑफिसात लिहून द्यावी, एवढंच हवं आहे. त्यामुळे भाषण नव्याने लिहावं लागेल. पण त्याआधी तुमच्या मनातल्या आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या मनातल्या दोन-तीन गोष्टी तपासून बघू.

पहिली गोष्ट, तुम्हाला अध्यक्ष कोणी केलं? 'तुम्ही सर्वांनी मला अध्यक्षपदी निवडून दिलंत' हे वाक्य अशा भाषणांत हमखास असतं आणि ते बरोबर नसतं. आपल्याकडे सभासद मत देतात ते कमिटीच्या सदस्यांसाठी. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही नावं निवडून आलेली कमिटी आपल्या पहिल्या सभेत आपल्यातून ठरवते. म्हणजे 72 घरांनी अकरा जण निवडले आणि त्या अकरांनी तुम्हाला खुर्चीवर बसवलं. त्या अकरांत समोरच्या बाजूचे चौघेही आहेत. त्यांनी तुम्हाला हात वर केला असेल किंवा नसेल, पण कमिटीच्या प्रत्येक सभेत ते तुमच्या शेजारी बसणार आहेत.

हे नुसतं नियमाचं बोट धरून सांगत नाही, भाषणाचं पहिलं वाक्यच त्यामुळे बदलतं. 'मला निवडून दिलंत' याऐवजी 'आम्हा अकरा जणांना निवडून दिलंत' म्हणा आणि अकराही नावं वाचा, फ्लॅट नंबरच्या क्रमाने. आधी सात आणि मग चार असं वाचलंत, तर ऐकणाऱ्यांच्या मनात पुन्हा मतमोजणी सुरू होईल. फ्लॅट नंबरने वाचलंत तर 103, 204, 301 अशी सरमिसळ आपोआप होते. पॅनेल हा शब्द तर उच्चारूच नका. उपविधींत पॅनेल नावाची वस्तूच नाही. तिथे फक्त समिती आहे आणि समितीत बहुमताने ठराव होतात. अध्यक्षाला सोसायटीच्या कारभारावर देखरेख आणि मार्गदर्शन करता येतं. अगदी तातडीच्या वेळी समितीचे अधिकार एकट्याने वापरता येतात, पण त्याची कारणं लेखी नोंदवून पुढच्या सभेत मंजुरी घ्यावी लागते. एवढाच तुमचा एकट्याचा अधिकार. बाकी सगळं अकरा जणांचं.

मतदारांचे आभार मानताना एक चूक फार सहज होते. 'बी विंगने तर भरभरून साथ दिली' असं उत्साहात तोंडून जातं. मतदान गुप्त होतं. बी विंगच्या ज्या घरांनी तुम्हाला मत दिलं नाही, त्यांना ते ऐकून अवघडल्यासारखं होतं. ए विंगच्या ज्या घरांनी दिलं, त्यांना आपली नोंदच नाही असं वाटतं. विंग, मजला, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक, कोणाचेही गट पाडून आभार मानू नका. 'मतदानाला आलेल्या प्रत्येकाचे आभार' हे वाक्य पुरेसं आहे, कारण त्यात तुम्हाला मत न देणारेही आले.

आणि जे उभे राहिले पण निवडून आले नाहीत, त्यांची नावं घ्या. याबद्दल मी आग्रही आहे. कितीतरी सोसायट्यांत 11 जागांना 11 अर्जसुद्धा येत नाहीत. लोक सभेत मागच्या खुर्चीवर बसून बोलतात, पण जबाबदारी म्हटली की हात खाली. कमिटीच तयार झाली नाही तर प्रशासक नेमायची वेळ येते आणि त्याचं मानधन सभासदांच्याच खिशातून जातं. तुमच्याकडे निवडणूक झाली, म्हणजे जागांपेक्षा जास्त माणसं काम करायला तयार होती. हरलेल्या उमेदवारांची पुढच्या वर्षी गरज लागणार आहे. रंगकामाची उपसमिती असेल, पाण्याच्या टाकीच्या सफाईवर लक्ष ठेवायचं असेल, तेव्हा माणसं तिथूनच येतात.

आता मुख्य प्रश्न, क्लीन चिटचा.

तुमच्या सहकाऱ्यांची भीती मला समजते, पण ती चुकीच्या जागी आहे. सोसायटीचा हिशोब गच्चीवर माइकवर मिटत नसतो. तो ऑडिटरच्या अहवालात, दोषदुरुस्ती अहवालात आणि सर्वसाधारण सभेत मिटतो. तुम्ही कोजागिरीला आभार मानले म्हणून ऑडिटरचा शेरा पुसला जाणार नाही. उद्या उपनिबंधकांकडे कोणी म्हणू शकणार नाही की, नव्या अध्यक्षांनी भाषणात कौतुक केलं होतं, तेव्हा विषय संपला. तसंच तुम्ही गच्चीवर आरोप केलेत म्हणून एक रुपयासुद्धा वसूल होणार नाही.

ऑडिटच्या मुद्द्याचं पुढे काय होतं, ते नीट बघा. ऑडिट अहवाल मिळाला की त्यातल्या त्रुटींवर सोसायटीने तीन महिन्यांच्या आत दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. तो कोणी द्यायचा? सोसायटीने, म्हणजे त्या वेळी जी कमिटी पदावर असेल तिने. ताई, ती कमिटी आता तुमची आहे. काम जुन्यांच्या काळात झालं आणि उत्तर तुमच्या सहीने जाणार.

ते उत्तर कशावर उभं राहणार? लिफ्टच्या कामासाठी दरपत्रकं किती मागवली होती? तुलना करून कोणाला काम द्यायचं हे कमिटीच्या कोणत्या सभेत ठरलं, इतिवृत्तात तो ठराव आहे का? उपविधींत कमिटीला स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करता येतो याची मर्यादा सभासदसंख्येप्रमाणे दिलेली असते. खर्च त्याच्या वर गेला असेल, तर सर्वसाधारण सभेची मंजुरी कुठे आहे? कार्यादेश, बिल, काम झाल्याचा दाखला, चेकचा नंबर, व्हाउचर. हे सगळे कागद एका फाइलला असतील तर मुद्दा आठवड्यात निकाली निघतो. नसतील तर ते कुठल्या कपाटात, कुठल्या पिशवीत, कोणाच्या ईमेलमध्ये आहेत, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. तो तुमच्या समोरच्या दारात राहतो.

म्हणजे काकांना चारचौघांत दुखावलंत, तर सगळ्यात आधी तुमचं काम अडेल. काकांची चूक असेल तर ती कागदावरून दिसेल, आणि कागद हाती यायला काकांनी दार उघडायला हवं. चूक नसेल, नुसता ढिसाळपणा असेल, आणि सोसायट्यांत मी पाहिलेल्या दहा भांडणांपैकी बरीचशी याच जातीची होती, तर तुम्ही गच्चीवर उच्चारलेला 'भ्रष्टाचार' हा शब्द परत घ्यायला जागा राहणार नाही. त्याच जिन्यात, त्याच लिफ्टमध्ये रोज समोरासमोर यायचं आहे.

मग आभार कशाचे मानायचे? जे तुम्ही स्वतः पाहिलंय किंवा कागदावर वाचलंय, त्याचेच. 'आदर्श कारभार', 'पारदर्शक', 'निष्कलंक', 'सोसायटीचा कायापालट' असले शब्द वापरू नका. खरी क्लीन चिट या शब्दांनी दिली जाते. आणि 'भ्रष्टाचारमुक्त' वापरू नका, कारण तो निकाल देण्याचं काम तुमचं नाही. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. मागच्या पाच वर्षांची इतिवृत्त पुस्तकं घेऊन बसा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यातून नाव घेऊन सांगता येतील अशी तीनच कामं निवडा. लिफ्टचं काम त्या तिनात घेऊ नका, कारण ते तपासणीत आहे. त्याबद्दल चांगलं बोलू नका आणि वाईटही बोलू नका.

मी आमच्या सोसायटीत सचिव होते. चार्ज घेतला त्या दिवशी मावळत्या सचिवांनी मला चाव्यांचा जुडगा दिला. औषधाच्या खोक्याचे बोटभर तुकडे कापून, त्यांना भोक पाडून, दोऱ्याने प्रत्येक चावीला एकेक बांधला होता. पंपरूम, मीटररूम, गच्ची, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. मग ते मला पंपरूममध्ये घेऊन गेले आणि दोन व्हॉल्व्ह दाखवले. टँकरचं पाणी घेताना डावा आधी बंद करायचा, नाहीतर खालच्या टाकीतलं महापालिकेचं पाणी ओव्हरफ्लो होऊन गटारात जातं. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नव्हतं. आभार मानावेत असं काही शोधायचं असेल, तर ते अशा ठिकाणी सापडतं. तुमच्याकडेही रात्री पाणी आलं नाही की कोणीतरी खाली उतरत असेल. कोण उतरत होतं, ते वॉचमनला विचारा. तो बरोबर नाव सांगेल.

भाषणाच्या आधी चार्ज घेऊन टाका. हे मी अगदी निक्षून सांगते. आभार मानून झाल्यावर दप्तर मागायला गेलात, तर ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. दप्तर आधी हाती आलं असेल, तर आभार मनापासून मानता येतात. दोन प्रतींत यादी करा आणि दोन्हीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. सभासदांची 'आय' नमुन्यातली नोंदवही, 'जे' नमुन्यातली यादी, भागपत्रांची नोंदवही, नामनिर्देशनाची नोंदवही, कमिटीची आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, रोखकीर्द, पासबुकं आणि वापरलेली-न वापरलेली चेकबुकं, ठेवींच्या पावत्या, मंजूर नकाशे, अभिहस्तांतरणाचे कागद, लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेची कागदपत्रं, चालू करार. जे नाही, त्याच्यापुढे 'मिळाले नाही' असं लिहा आणि त्यावरही सही घ्या. त्यात कोणाचाच अपमान नाही. उलट जुन्या अध्यक्षांनाही संरक्षण मिळतं, कारण यादीत लिहिलेला कागद उद्या हरवला तर प्रश्न त्यांना विचारला जाणार नाही.

ज्या वाचकांच्या सोसायटीत मावळते अध्यक्ष दप्तर देतच नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 160 आहे. नव्या अध्यक्षाकडे दप्तर आणि मालमत्ता सोपवायची असते आणि टाळाटाळ झाली तर निबंधक तसा आदेश देऊ शकतात. पण आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या, आठ-दहा दिवस थांबा. तोवर भाषण करू नका, साधी सूचना लावून मतदारांचे आभार माना.

तिसरी गोष्ट, आश्वासनं. इथे माझाच अनुभव सांगते, कारण तो अजून बोचतो. कमिटीत निवडून आल्यावर जमलेल्या लोकांपुढे मी म्हटलं होतं, 'वर्षभर मेंटेनन्स एक रुपयाही वाढणार नाही.' टाळ्या पडल्या. चार महिन्यांनी गच्चीवरची टाकी गळायला लागली आणि वरच्या मजल्यावरच्या एका आजींच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा पोपडा पडला. दुरुस्ती निधी पुरेना. जादा वर्गणीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवला, तेव्हा एक गृहस्थ उठले आणि माझं वाक्य शब्द न शब्द म्हणून दाखवलं. ठराव पुढच्या सभेवर गेला. आजींचं स्वयंपाकघर आणखी दोन महिने गळत राहिलं. ते माझ्या एका वाक्यामुळे झालं, असं मी आजही मानते.

कोजागिरीची गच्ची म्हणजे सर्वसाधारण सभा नव्हे. वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते, विषयपत्रिका लागते, गणसंख्या लागते. यातलं काहीच नसताना जाहीर केलेल्या मेंटेनन्सला किंवा पार्किंगला कायद्याने काडीचीही किंमत नाही, पण लोकांच्या डोक्यात मात्र ते पक्कं बसतं. पार्किंगचं तर बोलूच नका. वाटपाचं धोरण ठरवणं सर्वसाधारण सभेचं काम आहे आणि आज ज्याची गाडी लिफ्टजवळ उभी राहते, त्याच्या घशाखाली मसाला दूध उतरणार नाही. शब्द द्यायचाच असेल तर तुमच्या हातात असलेल्या गोष्टींचा द्या. ऑफिस कधी उघडं असेल, कमिटीची सभा कधी आहे, तक्रारीला किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल.

आता भाषणच लिहून बघू. नावं आणि कामं तुमची घाला. सावकाश वाचलं तरी तीन-चार मिनिटांत संपेल.

"नमस्कार. दूध उकळतंय, तेव्हा मी थोडक्यात बोलते.

निवडणुकीत मतदानाला आलेल्या प्रत्येकाचे मी समितीच्या वतीने आभार मानते. आपण अकरा जणांना निवडून दिलंत. मी फ्लॅट नंबरप्रमाणे नावं वाचते. (अकरा नावं.) या अकरा जणांनी मला अध्यक्ष केलं आहे. निर्णय मात्र अकरा जण मिळून घेतील आणि ते इतिवृत्तात आपल्याला वाचायला मिळतील.

निवडणुकीला उभे राहिलेले आणखी काही सभासद आहेत. (नावं.) आपण वेळ द्यायला तयार होतात, म्हणून ही निवडणूक होऊ शकली. आपल्याकडे मी कामं घेऊन येणार आहे.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी आणि त्या दिवशी टेबलावर बसलेल्या सभासदांनी मतमोजणी शांतपणे पार पाडली, त्यांचे आभार.

मावळत्या समितीने पाच वर्षं ही इमारत सांभाळली. मी इतिवृत्तं वाचली. त्यातल्या तीन गोष्टी मला सांगायच्या आहेत. टाळेबंदीनंतर ज्यांना मेंटेनन्स एकदम भरता येत नव्हता, त्या घरांना समितीने हप्ते करून दिले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याच्या आत पूर्ण केलं. आणि पाण्याची कपात होती तेव्हा टँकर आला की अध्यक्षकाका स्वतः खाली उभे असायचे, मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत. काका, आपले आणि आपल्या सर्व सहकाऱ्यांचे मनापासून आभार. आपण दप्तर यादीप्रमाणे आमच्याकडे सोपवलं आहे. ऑडिटमधल्या मुद्द्यांची उत्तरं आम्ही नियमाप्रमाणे देऊ आणि सर्वसाधारण सभेपुढे ठेवू. त्या कामात आपली मदत लागेल, ती आपण द्याल याची मला खात्री आहे.

आपले वॉचमन, सफाईच्या मावशी आणि पंप बघणारे दादा निवडणुकीच्या दिवशी सकाळी सातपासून इथे होते. त्यांचे आभार. (प्रत्येकाचं नाव.)

समितीची पहिली कामकाजाची सभा येत्या रविवारी आहे. ऑफिस मंगळवारी आणि शनिवारी रात्री आठ ते नऊ उघडं असेल, मी तिथे असेन. तक्रार लिहून द्या, पोच मिळेल आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल. धन्यवाद."

ऑडिटचं वाक्य मी मुद्दाम आभारांच्या नंतर लगेच ठेवलं आहे. ते अजिबात घेतलं नाही तर तुमचे सहकारी म्हणतील, विषय दाबला. आधी घेतलं तर आभार कोरडे वाटतील. दोन वाक्यांत ते जागेवर बसतं आणि त्यात कोणावर आरोप नाही. हप्ते, वॉटरप्रूफिंग आणि टँकर ही माझी उदाहरणं आहेत. ती तशीच वाचू नका. तुमच्या इतिवृत्तात नसलेलं एक जरी काम चुकून वाचलंत, तर सगळ्या आभारांची किंमत जाते.

गर्दीतून कोणीतरी 'लिफ्टच्या पैशांचं बोला' म्हणेल, हे धरून चला. त्याला एकच उत्तर द्या: 'सर्वसाधारण सभेत कागदांसह बोलू.' आणि पुढचं वाक्य वाचायला लागा. तुमच्याच बाजूच्या माणसाने विचारलं तरी उत्तर हेच. कार्यक्रमाच्या आधी तुमच्या सहा सहकाऱ्यांना भाषण वाचून दाखवा, म्हणजे गच्चीवर ते दचकणार नाहीत. एकालाही ते मान्य नसेल, तर भांडण घरात होऊ द्या.

दूध वाटायच्या आधी बोला. हातात गरम पेला आला की लोक एकमेकांकडे वळतात आणि साय धरेपर्यंत तुमचं कोणी ऐकत नाही. शाल-श्रीफळ द्यायचं असेल, तर सोसायटीच्या खात्यातून एक पैसाही घेऊ नका. अकरा जणांनी वर्गणी काढा आणि ती मावळत्या समितीतल्या सगळ्यांना द्या, एकट्या काकांना नको. पुन्हा निवडून आलेले चौघेही मावळत्या समितीत होते, त्यांनाही द्या. भाडेकरू घरांतली माणसं येतील, त्यांना मत नव्हतं, पण निमंत्रण त्यांनाही असू द्या.

काका त्या रात्री आले नाहीत तर? भाषण तेच वाचा, एक शब्दही न बदलता. त्यांच्या न येण्याचा उल्लेख करू नका. दुसऱ्या दिवशी तो परिच्छेद त्यांच्या कानावर कोणीतरी घालेलच आणि त्यात जे नव्हतं, तेसुद्धा त्यांना कळेल.

राहिली सासऱ्यांची गोष्ट. ती भाषणात घेऊ नका. माइकवर आली की ती अध्यक्षांनी अध्यक्षांना केलेलं नमन वाटेल आणि तुमचे सहकारीही तिचा भलताच अर्थ काढतील. ती तुमच्या दोन घरांतली आहे. चार्जच्या यादीवर सह्या करायला काकांकडे जाल तेव्हा आधी तेच बोला. निवडणुकीनंतर तुम्ही त्यांच्याशी नीट बोललाही नसाल, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मग भाषणातला त्यांच्याबद्दलचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. परवानगी मागू नका, फक्त चुकलेला तपशील असेल तर दुरुस्त करून घ्या. आणि निघताना पंपरूमची चावी घेऊन त्यांना खाली चला म्हणा, टँकर आला की आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते बघून ठेवा.